टनात घेतलं, सळईत मोजलं, किलोत विकलं

व्यवसायाच्या नोंदी ठेवणाऱ्या ईआरपी प्रणालीत एकाच वस्तूला तीन युनिटं लावता येतात. माल घ्यायचा एका मापात, साठ्यात ठेवायचा दुसऱ्या आणि विकायचा तिसऱ्या. या मापांना जोडणारा आकडा म्हणजे रूपांतराचा गुणक, आणि तो पडद्यावर एका लहानशा चौकटीत बसतो. नवीन माणसाला वाटतं, चौकट एकदा भरली की काम झालं. या विषयात येणाऱ्या वाचकाला मी त्या चौकटीपाशीच थोडा वेळ थांबवणार आहे. तिथे कोणता आकडा लिहायचा, तो कुठून आणायचा आणि कोणत्या नोंदीवर ठेवायचा, यातच या विषयाचं बहुतेक मर्म आहे.

सगळे गुणक एका जातीचे नसतात. एक किलो म्हणजे हजार ग्रॅम, ही पहिली जात. हा गुणक व्याख्येनं ठरलेला आहे, वस्तू कोणतीही असली तरी बदलत नाही. एका खोक्यात चोवीस बाटल्या, ही दुसरी जात. हा गुणक त्या वस्तूपुरता खरा. कंपनीनं उद्या वीस बाटल्यांचं खोकं काढलं की तो बदलेल, पण एका खोक्यात साडेतेवीस बाटल्या कधी निघणार नाहीत. तिसऱ्या जातीचा गुणक वस्तूचाही नसतो. तो त्या दिवशी आलेल्या त्या मालाचा असतो. कापडाचा तागा घेतला किलोवर आणि विकला मीटरवर, तर एका किलोत किती मीटर हे ताग्याताग्यागणिक वेगळं. हा गुणक ठरवून मिळत नाही, मोजून मिळतो. पहिल्या दोन जातींबद्दल थोडक्यात सांगून भागतं. अडचणी जवळजवळ सगळ्या तिसऱ्या जातीत आहेत, म्हणून ही प्रस्तावना तिच्यापुरतीच ठेवली आहे. त्यासाठी जालन्याच्या रोलिंग मिलपासून गावातल्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत महाराष्ट्रात सर्वांच्या ओळखीचा माल घेऊ: बांधकामाची टीएमटी सळई.

सळईचा व्यवहार तीन मापांत चालतो आणि तिन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. मिल माल टनावर विकते, कारण तिचा कच्चा माल, वीज आणि भट्टीचा हिशेब वजनावर चालतो. दुकानदाराच्या यार्डात मात्र वजन दिसत नाही, दिसतात सळया आणि बंडलं. १२ मिमीच्या, म्हणजे बाजारच्या बोलीत चार सुताच्या, पाच सळयांचं एक बंडल बांधायची सर्वसाधारण पद्धत आहे, आणि सकाळी यार्डात उभा राहिलेला माणूस बंडलं मोजूनच शिल्लक सांगू शकतो. गिऱ्हाईक भाव विचारतं तो किलोचा. घर बांधणाऱ्याला खरं तर हवी असते लांबी, कारण इंजिनिअरच्या नकाशावरून स्लॅबला किती मीटर सळई लागेल तेच आधी निघतं. पण बाजारातला भाव किलोनं चालतो, म्हणून बिलही किलोत होतं.

सळई आणि किलो यांच्यामधला गुणक पुस्तकात छापलेला मिळतो. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो धरली, तर मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ नं भागलं की एका मीटरचं वजन किलोत येतं. हे सूत्र प्रत्येक साइट सुपरवायझरला पाठ असतं. १२ मिमीसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. आयएस १७८६ या भारतीय मानकाच्या तक्त्यात हाच आकडा ०.८८८ आहे. तक्त्यातला आकडा धरला तर १२ मीटरच्या सळईचं वजन १०.६५६ किलो भरतं. पुढे सगळीकडे हाच आकडा वापरू. तरी सूत्र आणि तक्ता यांच्यातला तो हजारांश लक्षात असू द्यावा. पाचशे सळयांवर तोही पाच किलोंच्या पुढे जातो. एका शाखेनं सूत्र वापरलं आणि दुसरीनं तक्ता, तर एकाच मालाचे दोन हिशेब होतात. म्हणून गुणक लिहिताना तो कुठून घेतला हेही लिहून ठेवावं.

पण १०.६५६ हे सळईचं नाममात्र वजन आहे. त्याच मानकानं खऱ्या वजनाला नाममात्र वजनाच्या आसपास मोकळीक दिली आहे: १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्यापुढे १६ मिमीपर्यंत ५ टक्के आणि त्याहून जाड सळईला ३ टक्के, कमी किंवा जास्त. ही मोकळीक गरजेची आहे. मिलमध्ये तापलेलं पोलाद रोलच्या खाचांतून दाबून बाहेर पडतं. खाच नवी असते तेव्हा सळई अंमळ बारीक निघते, खाच झिजत जाते तशी जाड होते. त्यातच टनामागे जास्त लांबी मिळावी म्हणून हलक्या बाजूचा माल मुद्दाम मागणारे खरेदीदारही असतात. त्यामुळे एकाच मिलची, एकाच मापाची, दोन वेगळ्या दिवशी आलेली सळई वजनाला वेगळी असते आणि दोन्ही मानकात बसतात. गुणक बदलतो तो असा. ही कुणाची चूक नाही, हा मालाचा स्वभाव आहे आणि प्रणालीला तो सांगावा लागतो.

आता एक हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. भाव समजण्यापुरता धरला आहे. दुकानात १२ मिमीचा माल आला. काट्यावर भरला ५.११५ टन, भाव टनाला ५२,००० रुपये, कर सोडून बिल २,६५,९८० रुपयांचं. उतरवताना बंडलं मोजली ती शंभर, म्हणजे पाचशे सळया. सळईमागे वजन पडलं १०.२३ किलो. नाममात्र वजनापेक्षा हे ४ टक्क्यांनी कमी आहे, मानकात व्यवस्थित बसणारं.

समजा प्रणाली लावताना साठ्याचं युनिट किलो ठेवलं आणि वस्तूच्या माहितीत एक सळई बरोबर १०.६५६ किलो असा गुणक कायमचा लिहिला. बहुतेक ठिकाणी सुरुवात अशीच होते. खरेदीची नोंद निर्दोष होते: ५.११५ टन, म्हणजे ५,११५ किलो साठ्यात. मग विक्री सुरू होते, छोटी गिऱ्हाइकं सळया मोजून नेतात आणि प्रत्येक सळईमागे प्रणाली १०.६५६ किलो कमी करते. ४८० सळया गेल्या की साठ्यातून ५,११४.८८ किलो वजा झालेले असतात. पडद्यावर शिल्लक उरते ०.१२ किलो. यार्डात मात्र वीस सळया पडलेल्या आहेत. प्रणालीच्या लेखी माल संपला, म्हणून ती नवी खरेदी सुचवते. कुणी उरलेल्या सळयांचं बिल करायला गेलं तर ती शिल्लक नसल्याचं सांगून अडवते, नाही तर साठा उणे दाखवते.

इथे पैशाचा हिशेबही बिघडतो. प्रत्येक सळईचा खरा खर्च ५३१.९६ रुपये होता, पण प्रणालीनं विकलेल्या सळईवर १०.६५६ किलोचा म्हणजे ५५४.११ रुपयांचा खर्च टाकला. पहिल्या ४८० सळयांवरचा नफा कमी दिसला आणि शेवटच्या वीस सळया, ज्यांची खरी किंमत १०,६३९ रुपये आहे, त्या हिशेबात फुकट ठरल्या. वर्षाअखेर साठा मोजून तफावत ‘सापडलेला माल’ म्हणून जमा केली तर एकूण बेरीज जमते. मात्र कोणत्या महिन्यात, कोणत्या गिऱ्हाइकावर किती कमावलं, हे त्या बेरजेतून परत मिळत नाही.

पुढच्या खेपेला जड माल येऊ शकतो. पाचशे सळया आणि वजन ५.४३५ टन, म्हणजे सळईमागे १०.८७ किलो, नाममात्रपेक्षा २ टक्के जास्त. सगळ्या सळया विकून यार्ड मोकळं झालं तरी पडद्यावर १०७ किलो शिल्लक दिसत राहते. खरेदीच्या भावानं ती ५,५६४ रुपयांची होते आणि तिच्यामागे एकही सळई नसते. हलका आणि जड माल आलटून पालटून येत राहिला तर दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी झाकतात, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं दडून राहू शकतो. प्रत्येक खेपेत चूक असते आणि वर्षाची एकूण तफावत मात्र किरकोळ दिसते.

यावरून पहिला नियम निघतो, आणि तो सळईपुरता नाही. साठ्याचं युनिट असं निवडावं की माल जागेवर आहे की नाही हे त्या मापात प्रत्यक्ष मोजून सांगता येईल. सळईच्या बाबतीत ते युनिट सळई आहे, किलो नाही. यार्डातला सगळा माल पुन्हा काट्यावर कुणी चढवणार नाही, बंडलं मात्र कुणीही अर्ध्या तासात मोजेल. साठ्याचं युनिट ठरवताना खरेदी खात्याची सोय बघू नये, भावाचं युनिटही बघू नये. साठामोजणी करणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे ते बघावं. हा निर्णय पहिल्याच दिवशी नीट घ्यावा लागतो, कारण एकदा नोंदी झाल्या की बहुतेक प्रणाली ते युनिट बदलू देत नाहीत. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये अशा वेळी नवी वस्तू तयार करा असंच सुचवलं जातं. ते योग्यच आहे. आधीचे हजारो आकडे कोणत्या मापात होते हा प्रश्न एका क्लिकनं सुटण्यासारखा नसतो.

पण साठ्याचं युनिट सळई केलं की काम संपत नाही. गुणक तोच नाममात्र ठेवला, तर ५,११५ किलोंना १०.६५६ नं भागून प्रणाली ४८० सळया जमा करेल आणि वीस सळया पहिल्याच दिवशी कमी पडतील. म्हणून दुसरा नियम: मोजून मिळणारा गुणक वस्तूच्या माहितीत न ठेवता त्या खेपेच्या पावतीवर लिहावा. वस्तूच्या माहितीतला १०.६५६ हा अंदाज म्हणून राहू द्यावा. मागणी नोंदवताना, गाडीत किती बसेल ते ठरवताना, गिऱ्हाइकाला तोंडी आकडा सांगताना तो उपयोगी आहे. पण माल आत घेताना काट्याची पावती आणि बंडलांची मोजणी हे दोन्ही आकडे प्रणालीत गेले पाहिजेत आणि गुणक त्यांच्यातून निघाला पाहिजे. ईआरपीनेक्स्टच्या खरेदी पावतीत प्रत्येक ओळीवर हे तीन आकडे एकत्र असतात:

```
stock_qty = qty * conversion_factor
```

`qty` म्हणजे ५.११५ टन आणि `stock_qty` म्हणजे ५०० सळया. मधला `conversion_factor` त्या ओळीवर बदलता येतो, आणि तो बदलल्यानं वस्तूच्या माहितीतला गुणक बिघडत नाही. पाचशेला ५.११५ नं भागलं की टनामागे ९७.७५१७१ सळया येतात. इथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. प्रणालीत तीनच दशांश स्थानं ठेवली असतील तर गुणक ९७.७५२ होईल आणि साठ्यात ५००.००१ सळया येतील. सळईच्या युनिटला पूर्ण संख्येचं बंधन, म्हणजे `Must be Whole Number`, लावलेलं असेल तर पावती अडेल. ते बंधन काढून टाकायचा मोह होतो, पण तसं करू नये. सळईचा हजारावा भाग जगात कुठेच नसतो आणि तो साठ्यात शिरू न देणं हेच त्या बंधनाचं काम आहे.

यातून दोन वाटा निघतात. एक, गुणक दशांशात न ठेवता गुणोत्तरात ठेवणं. सॅपमध्ये वस्तूची पर्यायी युनिटं `MARM` या तक्त्यात असतात आणि तिथे प्रत्येक गुणक `UMREZ` आणि `UMREN` अशा दोन पूर्ण संख्यांनी लिहिला जातो. आपल्या खेपेचं गुणोत्तर १,०२३ किलो बरोबर १०० सळया असं नेमकं लिहिता येतं, काहीच सांडत नाही. मात्र हा तक्ता वस्तूचा आहे. प्रत्येक लॉटला वेगळं गुणोत्तर हवं असेल तर सॅपमधली लॉटनिहाय युनिटांची वेगळी सोय वापरावी लागते. दुसरी वाट लहान दुकानाला सोपी आहे. पावती थेट ५०० सळयांची करायची, सळईचा दर ५३१.९६ रुपये लावायचा आणि काट्याचं वजन वेगळ्या रकान्यात नोंदवायचं. साठा आणि किंमत दोन्ही नेमकी बसतात. मात्र मागणी टनात आणि पावती सळयांत झाल्यामुळे मागणीतला किती माल यायचा राहिला हे प्रणाली आपोआप सांगू शकत नाही. ते ताडून पाहायचं काम माणसावर येतं.

ज्या प्रणाली वजन आणि नग ही वेगळ्या वर्गातली मापं मानतात, त्या हा प्रश्न आणखी स्पष्ट करतात. ओडूच्या जुन्या आवृत्त्यांत एका वर्गातल्या युनिटातून दुसऱ्या वर्गात रूपांतर करताच येत नव्हतं. नव्या माणसाला ही अडवणूक वाटायची. पण सळई आणि किलो यांच्यात कायमचं नातं नाही, हेच ती प्रणाली सांगत होती. ज्या धंद्यात प्रत्येक नगाचं वजन वेगळं आणि दोन्ही आकडे सतत लागतात, जसं चीज किंवा मांस, तिथे साठा एकाच वेळी दोन मापांत ठेवणारी सोय वापरतात. तिला कॅच वेट म्हणतात. तिच्यात साठा गुणकावरून काढत नाहीत. नगही मोजलेले, वजनही मोजलेलं, आणि दोन्ही स्वतंत्र.

आता विक्रीकडे वळू, कारण तिसरं युनिट तिथे येतं. एका बांधकामासाठी गिऱ्हाइकानं हलक्या खेपेतली बारा बंडलं, म्हणजे साठ सळया मागितल्या आणि भाव किलोचा ठरला. त्यांचं खरं वजन ६१३.८ किलो. बिल नाममात्र वजनानं केलं तर ६३९.३६ किलो होतात, म्हणजे न दिलेल्या २५.५६ किलोंचे पैसे घेतले जातात. किलोच्या भावानं विकलं तर काट्यावरचे किलो द्यावेत. हा व्यवहाराचा आणि वजनमापाच्या कायद्याचाही प्रश्न आहे, आणि सोयीचा गुणक त्याचं उत्तर होऊ शकत नाही. सळईवरच भाव ठरवला असेल तर गोष्ट वेगळी. मग बिलही सळयांचं असावं, त्यावर किलो छापून दिशाभूल होऊ नये.

म्हणून विक्रीच्या ओळीवरही दोन मोजणी लागतात: यार्डातून किती सळया निघाल्या आणि काट्यानं किती दाखवलं. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांच्या वजनातला फरक वाहनकाट्यानं ६१५ किलो दाखवला असेल, कारण तो काटा पाच किलोंच्या टप्प्यानं मोजतो. बिल ६१५ किलोंचं होईल आणि साठ्यातून बरोबर ६० सळया जातील. १.२ किलोचा हा फरक काट्याचा आहे. साठा किलोत असता तर असे फरक प्रत्येक बिलागणिक त्यात साचत राहिले असते. साठा सळयांत असल्यामुळे ते बिलापाशीच संपतात. पाच टनांच्या खरेदीत पाच किलोंचा टप्पा हजारात एक इतका, पण साठ सळयांवर तो जवळजवळ एक टक्का होतो. थोड्या मालासाठी लहान प्लॅटफॉर्म काटा वापरावा तो याच कारणानं. काट्याहून जास्त अचूकपणा कोणताही गुणक आणून देऊ शकत नाही.

परत आलेला माल हा विक्रीचाच उलटा प्रवास आहे आणि गुणकाची खरी परीक्षा तिथे होते. समजा साठा किलोत ठेवणाऱ्या दुकानात त्या साठ सळया नाममात्र गुणकानं गेल्या, म्हणजे साठ्यातून ६३९.३६ किलो वजा झाले. मध्ये कुणीतरी चूक लक्षात येऊन वस्तूच्या माहितीतला गुणक १०.२३ केला. आठवड्यानं सळया परत आल्या आणि नवी नोंद झाली: ६१३.८ किलो जमा. सळया तेवढ्याच गेल्या, तेवढ्याच आल्या आणि पुस्तकातून २५.५६ किलो नाहीसे झाले. म्हणून परतीची नोंद नेहमी मूळ बिलावरून करावी, म्हणजे गेला त्याच गुणकानं माल परत येतो. आणि वस्तूच्या माहितीतला गुणक चालू धंद्यात दुरुस्त करायचा असेल तर आधी उघड्या मागण्या आणि न झालेली बिलं पाहून घ्यावी.

दोन खेपा एकाच यार्डात पडल्या की लॉटचा विचार येतो. हलक्या सळईचा खर्च ५३१.९६ रुपये आणि जड सळईचा ५६५.२४. लॉट वेगळे ठेवले नाहीत तर प्रणाली सरासरीनं ५४८.६० रुपये धरेल. बिल किलोवर होत असेल तर जड सळईला गिऱ्हाईक जास्त पैसे देतं आणि हलकीला कमी, पण खर्च दोघींवर सारखाच पडतो. त्यामुळे एका बिलावर नफा फुगतो, दुसऱ्यावर आकसतो. बंडलाच्या टॅगवरून लॉट ओळखून नोंद ठेवता आली तर हा गोंधळ टळतो. ते शक्य नसेल तर सरासरी स्वीकारावी, पण मग एकेका बिलाच्या नफ्यावरून निर्णय घेऊ नयेत. महिन्याची बेरीज पाहावी.

सळई हे साठ्याचं युनिट कुठवर चालतं, हेही सांगायला हवं. गिऱ्हाइकानं सळई कापून सहा मीटर मागितली की प्रणालीत अर्धी सळई वजा करायचा मोह होतो. पण सहा मीटरचे दोन तुकडे मिळून बारा मीटरची एक सळई होत नाही. प्रणाली बेरीज करून एक सळई शिल्लक दाखवेल आणि पूर्ण लांबीची सळई मागणाऱ्याला ती देता येणार नाही. पूर्ण संख्येचं बंधन इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतं. कापलेल्या सळईची नोंद स्वतंत्र करावी: एक पूर्ण सळई बाहेर आणि तिच्या बदल्यात तुकडे ही वेगळी वस्तू किलोत आत. ईआरपीनेक्स्टमध्ये यासाठी `Repack` ही नोंद आहे. तुकड्यांचं साठ्याचं युनिट किलो ठेवणं योग्यच, कारण ते वजनावरच विकले जातात आणि त्यांचा ढीग लहान असल्यानं काट्यावर चढवता येतो. एकाच पोलादाच्या दोन अवस्थांना दोन युनिटं, आणि पहिला नियम दोन्हीकडे पाळला गेला.

चूक झाली आहे हे ओळखायचं कसं? सगळ्यात मोठी चूक सगळ्यात शांतपणे होते, ती हजारपटीची. पावती भरणाऱ्यानं वजन ५,११५ लिहिलं, दर ५२ लिहिला आणि युनिट मात्र टनच राहिलं. रक्कम येते २,६५,९८०, मिलच्या बिलाशी पै न् पै जुळणारी. हिशेब खातं समाधानानं मंजुरी देतं. साठ्यात मात्र पाच लाख सळया जमा होतात आणि सळईचा दर ५३ पैसे होतो. पुढे विकलेल्या प्रत्येक सळईवर प्रचंड नफा दिसतो. रक्कम जुळली म्हणजे नोंद बरोबर, हा समज युनिटांच्या बाबतीत चालत नाही, कारण संख्या हजारपट आणि दर हजारांश झाला तरी गुणाकार तोच राहतो. म्हणून पावती तपासताना रकमेबरोबर साठ्याच्या युनिटातली संख्या आणि त्या युनिटामागचा दर हेही पाहावे.

त्यासाठी एकच साधा अहवाल पुरतो: प्रत्येक पावतीचं वजन भागिले सळया. १२ मिमीसाठी हा आकडा १०.१२ आणि ११.१९ यांच्यामध्ये यायला हवा, म्हणजे १०.६५६ च्या खालीवर ५ टक्के. किंचित बाहेर गेला तर बंडलं चुकीची मोजली असतील, एखाद्या बंडलात चारच सळया असतील किंवा लांबी १२ मीटर नसेल. दीड-पावणेदोन पटीच्या आसपास चुकला तर १० किंवा १६ मिमीचा माल १२ च्या नावावर चढलेला असण्याची शक्यता जास्त. हजारपटीनं चुकला तर युनिट. या अहवालाच्या जोडीला साठ्यात तीन खुणा शोधाव्यात: अपूर्णांकातली सळई, उणे शिल्लक आणि शून्य मालावर उरलेली रक्कम. या तिन्ही खुणा बहुतेक वेळा वजाबाकीच्या चुकीच्या नसतात, चुकीच्या जागी लिहिलेल्या गुणकाच्या असतात.

एक बंधन बाहेरून येतं. जीएसटीच्या विवरणपत्रात एचएसएन ७२१४ खाली सळईची विक्री दाखवताना संख्या सरकारनं ठरवलेल्या युनिट कोडमध्ये द्यावी लागते: टनासाठी `MTS`, किलोसाठी `KGS`, नगासाठी `NOS`. काही बिलं किलोत आणि काही नगांत केली तर ती एका बेरजेत घालताना पुन्हा रूपांतर करावं लागतं. विक्रीच्या ओळीवर मोजलेलं वजन आणि मोजलेल्या सळया दोन्ही असतील, तर हे रूपांतर अंदाजानं करायची वेळ येत नाही.

या विषयात आलेल्या वाचकानं सुरुवात स्वतःच्या मालापासून करावी. तीन युनिटं असलेली एखादी वस्तू निवडावी आणि तिच्या गेल्या काही खेपांच्या काट्याच्या पावत्या व मोजणीचे कागद समोर ठेवून प्रत्येक खेपेचा गुणक स्वतः काढावा. सगळे आकडे एकच आले तर तो गुणक वस्तूच्या माहितीत निर्धास्त लिहावा. वेगवेगळे आले तर त्यांच्यातला फरक काट्याच्या टप्प्याहून मोठा आहे का ते पाहावं. फरक काट्याहून लहान असेल तर सरासरी चालेल. मोठा असेल तर तो गुणक मोजून मिळणाऱ्या जातीचा आहे, त्याची जागा पावतीवर आहे, आणि कोणती प्रणाली घ्यावी, तिच्यात काय जुळवावं हे सगळे पुढचे निर्णय त्या एका उत्तरावरून सुरू होतात.